स्लॅब बदलला, पगार घटला?

वार्षिक वेतनवाढीची पत्रं हातात पडली की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. "वाढ कसली घेऊन बसलात? वरच्या स्लॅबमध्ये गेलो, होतं तेही करात गेलं." बोलणारा शिकलासवरलेला असतो, ऐकणारे माना डोलावतात. हिशोब मात्र कुणी मांडून बघत नाही.

तो एकदा मांडूनच बघावा. समजा, नाशिकच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअर बाईंचा वर्षाचा पगार १६ लाख ७५ हजार रुपये आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी त्या नव्या करप्रणालीत आहेत. नोकरदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली, की करपात्र उत्पन्न उरतं बरोबर १६ लाख. आता या १६ लाखांचे चार-चार लाखांचे तुकडे पाडायचे. पहिल्या चार लाखांवर कर शून्य. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, म्हणजे २० हजार. त्यापुढच्या चारांवर १० टक्के, ४० हजार. शेवटच्या चारांवर १५ टक्के, ६० हजार. एकूण १ लाख २० हजार. त्यावर ४ टक्के उपकर धरला की १ लाख २४ हजार ८०० रुपये.

बाईंना वर्षाला १० हजारांची वाढ मिळाली. सोळा लाखांच्या वर २० टक्क्यांचा स्लॅब सुरू होतो. कँटीनच्या गणिताप्रमाणे आता सगळ्या १६ लाख १० हजारांवर २० टक्के, म्हणजे ३ लाख २२ हजार कर लागायला हवा. तसं झालं असतं तर बाईंनी वाढीचं पत्र परतच करायला हवं होतं. पण २० टक्के लागतात ते फक्त वरच्या १० हजारांवर. कर दोन हजार, उपकर ८० रुपये. उरलेले ७,९२० रुपये बाईंचे. खालच्या चारही तुकड्यांवरचा कर जिथल्या तिथे राहतो, त्यात एका पैशाचाही फरक पडत नाही.

महावितरणचं बिल असंच निघतं. शंभराच्या पुढचं एक युनिट जळलं म्हणून आधीच्या शंभर युनिटांचा दर वाढत नाही.

दर कितीही चढा असला, तरी शंभर टक्क्यांच्या आत आहे तोवर वाढीतला काही भाग हातात उरतोच. आपल्याकडे या मर्यादेची जवळजवळ परीक्षाच झाली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, सर्वांत वरच्या स्लॅबचा दर ८५ टक्के होता आणि त्या करावर १५ टक्के अधिभार. दोन्ही मिळून ९७.७५ टक्के. दोन लाखांच्या वर मिळवलेल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती पडत. एवढ्यासाठी कोण राबेल, हा प्रश्न रास्तच होता, आणि करचुकवेगिरीला त्यातून खतपाणी मिळालं, अशी टीकाही झाली. पण कागदावर का होईना, ते सव्वादोन रुपये वाढतच होते.

मग जास्त कमावून हातात कमी पडलं, असं कधीच होत नाही का? होतं. पण त्याचं खापर स्लॅबवर फोडता येत नाही.

पहिला दोष सवलतीचा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही, असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात १२ लाखांवर ६० हजार कर निघतो आणि सरकार तो सवलत म्हणून माफ करतं. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं, की ही माफी नाहीशी होते. तिथे कडा तयार होतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात सात लाखांच्या मर्यादेवर हाच कडा उभा राहिला होता: सात लाखांना कर शून्य, आणि शंभर रुपये जास्त कमावणाऱ्याला २५ हजार १० रुपये. ओरड झाल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये विधेयकात दुरुस्ती करून 'सीमांत दिलासा' आणला गेला. मर्यादेच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर नाही, असा तो नियम. जुन्या प्रणालीत पाच लाखांच्या मर्यादेवर असा दिलासा नाही. तिथे दहा रुपये जास्त झाले तर सुमारे १३ हजारांचा फटका अजूनही बसतो.

दिलाशातही एक फट राहिली आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल, तर स्लॅबनुसार कर निघतो ६१,५००. दिलाशामुळे तो १० हजारांवर थांबतो. पण उपकर त्यानंतर लागतो, ४०० रुपये. म्हणजे बारा लाखवाल्यापेक्षा या माणसाच्या हाती ४०० रुपये कमीच. उत्पन्न १२ लाख ७० हजारांच्या आसपास पोचेपर्यंत ही तूट वाढत वाढत २,८०० रुपयांच्या थोडी वर जाते, आणि १२ लाख ७४ हजारांच्या सुमारास भरून निघते. त्यापुढे पुन्हा प्रत्येक वाढीतला मोठा हिस्सा खिशात. नोकरदाराने या आकड्यांत ७५ हजार मिळवायचे. साधारण पावणेतेरा ते साडेतेरा लाख पगाराच्या पट्ट्यात असणाऱ्यांनीच काय ती काळजी करावी.

दुसरा दोष घरचाच आहे. महाराष्ट्राचा व्यवसाय कर टक्क्यांनी नव्हे, ठोक रकमेने घेतला जातो. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलेला तो लागत नाही; त्यावर गेला की दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. पगार २५ हजारांवरून २५,१०० झाला, तर हातात येतात २४,९००. कँटीनमधली तक्रार इथे शब्दशः खरी ठरते, फक्त रक्कम किरकोळ आहे.

तरीही वाढीनंतर पगारपत्रक आटलेलं दिसल्याचे अनुभव भरपूर असतात आणि ते खोटेही नसतात. याचं कारण बहुतेक वेळा कापणीच्या वेळापत्रकात सापडतं. कंपनी वर्षाचं उत्पन्न आधी अंदाजाने धरते आणि त्यावरचा कर महिन्यांवर वाटून कापते. आपल्या इंजिनिअर बाईंना वाढीऐवजी डिसेंबरच्या पगारासोबत एक लाखाचा बोनस मिळाला आणि लेखा विभागाने तो जानेवारीपासून हिशोबात घेतला, असं धरू. बोनसवरचा कर उपकरासह २०,८०० रुपये. वर्ष संपायला उरले तीनच महिने, म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून दर महिना ६,९३३ रुपये जादा कापले जाणार. त्या तीन पगारपत्रकांकडे पाहून कुणालाही वाटेल की बोनसने नुकसानच केलं. डिसेंबरला खात्यात आलेला लाख तोवर खर्च होऊन विसरलाही गेलेला असतो.

पडताळायचं तर महिन्याचं पगारपत्रक बाजूला ठेवून फॉर्म १६ उघडावा. त्यात वर्षाचं एकूण उत्पन्न आणि वर्षाचा एकूण कर दोन्ही असतात. मागच्या वर्षीच्या फॉर्मशी वजाबाकी केली, की बाईंच्या बाबतीत उत्पन्नात एक लाखाची वाढ दिसेल आणि करात २०,८०० ची. उरलेले ७९,२०० त्यांना डिसेंबरातच मिळाले होते.