‘रुद्या आले’ नाही, ‘रुद्या आला’!

डियर रुद्या,

(झाली ना सुरुवात? सॉरी, आता पुढेही हेच ऐकावं लागणार!)

तुझा मेसेज मिळाला. डिसेंबरमध्ये रिसेप्शनला आइंडहोवनहून ऑफिसची मंडळी येणार, त्यांच्यासमोर ‘तेवढं रुद्या बंद कर, प्लीज’. तिकडे म्हणे सगळे तुला ‘रूड’ म्हणतात. अनिरुद्ध त्यांच्या जिभेवर बसेना, आणि रूड हे तर त्यांच्या घरचंच नाव. तुझ्याच शहराच्या पीएसव्ही क्लबकडून 1985 ते 87 खेळलेल्या रूड गुलिटचं!

गंमत बघ. पाचवी ‘अ’मध्ये दोन अनिरुद्ध होते. पहिला आधी आला आणि ‘अन्या’ होऊन बसला. तुला उरला नावाचा मागचा तुकडा. म्हणजे डच लोकांनी तुझ्या नावाचा जो अर्धा भाग उचलला, तोच आम्ही वीसेक वर्षांपूर्वी उचलला होता. फरक फक्त शेवटच्या ‘या’चा. आणि माझा जीव त्या ‘या’मध्येच अडकलाय.

तुझी आई तुला ‘अनू’ म्हणते. राजू, पिंटू, अनू ही ऊकारान्त नावं लाडाची. ती वरून खाली येतात, मोठ्यांकडून लहानांकडे. ‘या’ तसा नाही. पक्या, मंग्या, सच्या ही बरोबरीच्यांनी ठेवलेली नावं. घोड्याला हाक मारताना आपण ‘अरे घोड्या’ म्हणतो, म्हाताऱ्याला ‘ए म्हाताऱ्या’. म्हणजे ‘रुद्या’ हे नाव मुळातच हाकेच्या रूपात आहे. ते नुसतं लिहिलं तरी कुणीतरी गेटबाहेरून ओरडतंय असं वाटतं.

आणि हे नाव स्वतःचं व्याकरण घेऊन येतं. ‘अनिरुद्ध आले’ म्हणता येतं. उद्या तू डायरेक्टर झालास की लोक म्हणतीलच. पण ‘रुद्या आले’ म्हणून बघ! वाक्यच मोडतं. ‘रुद्या, आपण बसा’ हे फक्त टिंगल करतानाच बोलता येईल. तुझा पगार, पासपोर्ट, पद काहीही होवो, या नावापुढे क्रियापद ‘आला, बसला, जेवला’ असंच येणार. इतकी पक्की बरोबरी इंग्रजीतल्या फर्स्ट नेमनेही मिळत नाही, कारण तिथे ‘यू’ सगळ्यांनाच एक.

आता तुझी बाजू. हाच ‘या’ टोचतोही, हे मला मान्य आहे. एकेकाळी याच ‘या’ने वाड्यातल्या गड्याला हाक मारली जायची, जात बघून माणसाचं नाव तोडलं जायचं, आणि त्याला उलट तशी हाक मारायची सोय नसायची. वर्गातही ‘जाड्या’, ‘काळ्या’ होतेच की. ती नावं त्या मुलांनी कधीच आपली मानली नाहीत. फक्त ऐकून घेतली. ती मी वापरत नाही. माझी कसोटी साधी आहे : समोरच्याला तशीच उलट हाक मारता येते का? आणि तो स्वतः ते नाव स्वतःसाठी वापरतो का?

तू मला ‘साये’ म्हणतोस, पहिली अट पूर्ण. दुसरी? एप्रिल 2021 आठव. रात्री अडीचला फोन वाजला. तू तिकडे मास्टर्सला, इकडे बाबांचा ऑक्सिजन उतरत चाललेला. तू म्हणालास, ‘साये, रुद्या बोलतोय. बाबांना बेड मिळत नाहीये.’ अनिरुद्ध नाही, रूड नाही. त्या नावात ‘तुला त्रास देतोय, सॉरी’ म्हणायची गरज नव्हती, आणि मलाही ‘बघते’ म्हणायची सोय नव्हती. दादा आणि मी स्कूटर काढून निघालो. पहाटे बेड मिळाला. बाबा घरी आल्यावरही फोनवर तू म्हणालास, ‘रुद्याकडून पार्टी’. तेव्हा हे नाव जिवंत आहे की नाही, हे मी ठरवलेलं नाही, तूच ठरवलंयस.

तरी रिसेप्शनला कुणी अर्थ विचारलाच, तर सोपं उत्तर देते. डचमध्ये यानचं ‘यान्त्ये’ होतं, नावाला शेपूट लावून ते लहान, लाडाचं करतात. आमचंही शेपूटच आहे, फक्त ते लाडाचं नाही, हक्काचं आहे.

स्टेजवर माइक हातात असेल तेव्हा मी ‘अनिरुद्ध’ म्हणेन, प्रॉमिस. मात्र जेवणाच्या रांगेत तू पुढे घुसलास, तर हाक कुठली येईल ते तुला माहितीये. तू तिकीट कधीचं काढलंयस ते कळव. एअरपोर्टवर घ्यायला अन्या येतोय.

तुझीच,
साये