रोलर पायरी कसा चढतो?

क्रिकेटची खेळपट्टी दाबण्याचा लोखंडी रोलर सपाट जमिनीवर सहज ओढता येतो. पण वाटेत चार बोटे उंचीची पायरी आली की तोच रोलर हटून बसतो. तो वर चढवायला निदान किती बल लागेल?

समजा, रोलरचे वजन १२० किलोग्रॅम, त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि पायरीची उंची ५ सेंटिमीटर आहे. आसाला दोर बांधून आपण तो आडवा ओढतो. याची आकृती वहीत काढा. रोलर पायरीच्या कडेला जिथे टेकतो, त्या बिंदूला 'क' म्हणा.

रोलर चढताना 'क'भोवती फिरतो, म्हणून सर्व परिबले 'क'भोवतीच मोजू. परिबल म्हणजे बल गुणिले बिंदूपासून बलाच्या रेषेचे लंब अंतर. यात एक सोय आहे. कडेची प्रतिक्रिया 'क'मधूनच जाते, म्हणून तिचे परिबल शून्य. रोलर उचलला जाण्याच्या क्षणी जमिनीचा आधारही सुटतो. उरतात दोनच बले: वजन आणि आपली ओढ.

आस 'क'पासून २५ − ५ = २० सेंटिमीटर उंच आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याचे आडवे अंतर √(२५² − २०²) = १५ सेंटिमीटर. तेव्हा

ओढ × २० = १२० × १५

म्हणून ओढ = ९० किलोग्रॅम-भार. एकदा रोलर उचलला की आडवे अंतर घटते, आसाची उंची वाढते आणि ओढ कमी पुरते. खरी कसोटी पहिल्या क्षणाचीच!

पायरी १० सेंटिमीटर केली तर अंतरांची अदलाबदल होते आणि ओढ १२० × २० ÷ १५ = १६० किलोग्रॅम-भार, म्हणजे वजनापेक्षाही जास्त होते. पायरी त्रिज्येएवढी झाली, तर आस 'क'च्याच पातळीत येतो. ओढीचे परिबल शून्य होते. मग आसाला धरून कितीही आडवे ओढा, रोलर चढणार नाही.

आता दोर रोलरभोवती गुंडाळून माथ्यावरून आडवा ओढा. पायरी पुन्हा ५ सेंटिमीटरचीच घेऊ. माथा 'क'पासून ४५ सेंटिमीटर उंच, म्हणून ओढ = १२० × १५ ÷ ४५ = ४० किलोग्रॅम-भार. निम्म्याहूनही कमी!

मात्र एक अट आहे. आसाला ओढताना कडेची प्रतिक्रिया त्रिज्येच्या रेषेत असते, म्हणून घर्षण लागत नाही. माथ्यावरून ओढताना ते लागते. या उदाहरणात घर्षणांक निदान १/३ हवा. कड ओली, गुळगुळीत असेल तर रोलर जागच्या जागी गरगर फिरेल.

डबा, पुस्तक आणि दोरा घेऊन हे घरी पडताळून पाहा.