सोफ्याच्या पानावर काय लिहावे?

फर्निचरच्या दुकानाच्या वेबसाइटवर ‘सोफा’, ‘डायनिंग टेबल’, ‘कपाटे’ अशी विभागवार पाने असतात. गुगलवर ‘सोफा कम बेड’ शोधणाऱ्याला एकच वस्तू बघायची नसते, चार-पाच नमुने शेजारी-शेजारी हवे असतात. म्हणून शोधात वर यायला हवे ते हे विभागाचे पान. पण त्यावर बहुधा फोटो, किमती आणि मॉडेलची नावे एवढेच असते. मग मजकूर हवा म्हणून कुणीतरी असे लिहून देतो:

‘आमच्याकडे उत्तम सोफा कम बेड मिळतील. स्वस्त सोफा कम बेड, लाकडी सोफा कम बेड, पुण्यातील सोफा कम बेड यांसाठी सोफा कम बेडचे आमचे दुकान प्रसिद्ध आहे.’

दोन वाक्यांत तोच शब्द पाच वेळा. याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि गुगलच्या स्पॅमविषयक नियमांत ते स्पष्टपणे निषिद्ध आहे. त्याहून मोठा तोटा असा, की वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. उंच की बुटका, रोज झोपायला चालेल का, दिवाणखान्यात मावेल का, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर इथे नाही.

हे प्रश्न दुकानात रोज विचारले जातात. काउंटरवरच्या माणसाला विचारून ते लिहून घ्यावेत आणि फोटोंवरून जे कळत नाही तेवढेच प्रस्तावनेत सांगावे. त्याच पानासाठी मग असा मजकूर तयार होतो:

‘पाहुण्यांसाठी वेगळी खोली नसेल, तर सोफा कम बेडवर दिवसा बैठक आणि रात्री पलंग अशी दोन्ही कामे होतात. आमचे तीन आसनी नमुने उघडल्यावर 6 बाय 5 फुटांचे होतात. दोन आसनीवर एकालाच ऐसपैस झोपता येते. पुढे ओढायच्या प्रकाराला समोर मोकळी जागा लागते, तेव्हा टीपॉय सरकवता येईल का ते आधी पाहा. रोज झोपायचे असेल, तर सागवानी सांगाडा आणि वेगळी गादी असलेला नमुना घ्या.’

मुख्य शब्द इथे एकदाच आला आहे. तरी बैठक, पलंग, गादी, आसनी, सागवानी हे जवळचे शब्द ओघात आले आणि पान कशाबद्दल आहे ते गुगललाही समजते. फोटोंच्या वर एवढे चार-पाच ओळींचेच ठेवावे. मोबाइलवर त्याखालची पहिली वस्तू फार न सरकवता दिसली पाहिजे. गादीची निगा, लाकडाचे प्रकार असे लांबण लावायचे असेल, तर स्वतंत्र लेख लिहून त्याची लिंक द्यावी. विभागाच्या पानाखाली मोठा निबंध जोडला, तर ते पान विकण्यासाठी आहे की माहितीसाठी, याचाच गोंधळ होतो.

आता मथळ्यांकडे वळू. वेबपानावरचे मथळे `h1`, `h2`, `h3` अशा पायऱ्यांनी लिहितात. पुस्तकाचे नाव, प्रकरण आणि उपप्रकरण असावे तसे. आपल्या पानाची रचना अशी होईल:

```html
<h1>सोफा कम बेड</h1>
<h2>दोन आसनी</h2>
<h3>मॉडेलचे नाव</h3>
<h2>तीन आसनी</h2>
<h3>मॉडेलचे नाव</h3>
<h2>घेण्याआधी काय मोजावे</h2>
```

घोळ बहुधा तयार थीममध्ये असतो. दुकानाचा लोगो `h1` मध्ये गुंडाळलेला, ‘फिल्टर’ आणि ‘कार्ट’ यांना `h2`, आणि विभागाचे नाव मात्र साध्या मोठ्या अक्षरांत. कॉम्प्युटरवर त्या नावावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केले, की कोणता टॅग आहे ते लगेच दिसते. पायऱ्यांचा क्रम चुकला म्हणून गुगल शिक्षा करत नाही, दोन `h1` असले तरी त्याचे अडत नाही. पण अंध ग्राहकाचे स्क्रीन रीडर याच मथळ्यांवरून उड्या मारत पान वाचते, आणि विभागाचे नाव मथळ्यात असले तर विषयाची खूणही स्पष्ट होते. अक्षर मोठे दिसावे म्हणून मथळ्याचा टॅग वापरू नये. ते काम सीएसएसचे.

बदल केल्यावर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडावा आणि फक्त हे पान निवडून लोक कोणते शब्द टाकून येतात ते पाहावे. निकाल दिसायला काही आठवडे जातात. ‘तीन आसनी’, ‘गादीसह’ असे नेमके शोध वाढू लागले, तर मजकूर काम करतो आहे. काहीच हलले नाही, तर होमपेजवरून या पानाला लिंक आहे का आणि विभागात पुरेसा माल आहे का ते तपासावे. विभागात दोनच सोफे असतील, तर कितीही चांगली प्रस्तावना त्या पानाला तारू शकत नाही.

तुमचे दुकान असेल, तर सर्वाधिक विक्रीचा एकच विभाग निवडा, त्याची प्रस्तावना गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचा आणि जे वाक्य तुम्ही दुकानात कधीच बोलला नसता ते खोडून टाका.