रिव्हॅलला टाकण्याआधी

निकाल लागला की संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, ‘रिव्हॅलला टाकायचं का?’ पेपर बरा गेला होता आणि गुण मात्र चार-पाचने कमी पडले, असं वाटणारे थेट पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरून मोकळे होतात. माझ्या मते इथेच क्रम चुकतो. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती नीट वाचावी आणि मगच पुढचा पैसा खर्च करावा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला तर छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागताच येत नाही. अनेक विद्यापीठांतही हाच क्रम आहे.

मुळात मागण्या तीन आहेत आणि पोर्टलवर त्यांचे पर्याय वेगवेगळे असतात. गुणपडताळणीत बेरीज तपासतात आणि एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का, ते बघतात. छायाप्रत म्हणजे तुमच्याच उत्तरपत्रिकेची नक्कल. हल्ली ती बहुधा लॉगिनमध्ये पीडीएफ म्हणून येते. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक सगळी उत्तरं नव्याने तपासतो. पहिल्या मागणीत कुणाच्या मताचा प्रश्न नसतो, तिसरी मात्र पूर्णपणे दुसऱ्याच्या मतावर अवलंबून असते. प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत गुण सहसा यातल्या कशातच बसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. इंजिनीअरिंगच्या एका मुलाला 70 गुणांच्या पेपरात 25 पडले, पास व्हायला 28 हवेत. पेपरात प्रश्नांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीतला एक सोडवायचा. छायाप्रतीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात पहिल्या प्रश्नाला 9, चौथ्याला 6, पाचव्याला 7 आणि आठव्याला 3 असे गुण आहेत. बेरीज 25, म्हणजे चूक नाही. बहुतेक मुलं इथेच पीडीएफ बंद करतात. पण हा मुलगा पानं उलटत आत गेला. पाचव्या प्रश्नाच्या ‘अ’ला 4, ‘ब’ला 3. ‘क’ त्याने मुख्य उत्तरपत्रिका संपल्यामुळे पुरवणीत लिहिला होता आणि त्या पानावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. सहा गुणांचं उत्तर कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याने हे गुणपडताळणीत मांडायला हवं आणि तेही नेमकं : ‘प्रश्न 5 क, पुरवणी पान 2, गुण दिलेले नाहीत.’ नुसतं ‘गुण कमी वाटतात’ लिहून काही होत नाही. त्या सहापैकी तीन मिळाले तरी तो पास. आठव्या प्रश्नाला 17 पैकी 3 पडल्याची तक्रार वेगळी आहे. तिथे उत्तर तपासलेलं आहे, फक्त परीक्षकाला ते पटलेलं नाही. त्यासाठी पुनर्मूल्यांकन हाच रस्ता, पण अर्ज करण्याआधी ते उत्तर विषयाच्या सरांना दाखवावं. त्यांनीही मान हलवली, तर पैसे वाचले. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात हमीपत्र असतं, ते वाचायला हवं. गुण कमी झाले तर तेच अंतिम धरणार का आणि ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी फरक मोजणार का, हे त्यात किंवा परिपत्रकात लिहिलेलं असतं. याबाबत प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा आहे.

छायाप्रत आल्यावर आणखी एक गोष्ट सगळ्यात आधी पाहावी : अक्षर आपलंच आहे ना? हे हास्यास्पद वाटेल. पण 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला सुरुवात केली, तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. स्कॅनिंगमध्ये पान सुटू शकतं, फिकट येऊ शकतं. म्हणून मुख्य पानावर लिहिलेली पुरवण्यांची संख्या आणि पीडीएफमधल्या पुरवण्या जुळवून पाहाव्यात. परीक्षकाचं नाव आणि सही झाकलेली असते, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

आता मुदत. बहुधा निकालाच्या तारखेपासून मोजके दिवस छायाप्रतीसाठी मिळतात आणि छायाप्रत मिळाल्यापासून त्याहून मोजके पुनर्मूल्यांकनासाठी. राज्य मंडळात हे दुसरे दिवस कामकाजाचे पाच आहेत. मोजणी निकालाच्या दिवसापासून होते, गुणपत्रक हातात आल्यापासून नव्हे. यावर बरेच जण फसतात. दुसरी फसगत मोबाइल नंबरची. फॉर्म पहिल्या वर्षी सायबर कॅफेत भरलेला, त्यात कॅफेवाल्याचा ईमेल किंवा वडिलांचा बंद पडलेला नंबर. छायाप्रत लॉगिनमध्ये येऊन पडते, निरोप पोचत नाही आणि घड्याळ चालूच असतं. अर्ज केल्यावर रोज एकदा लॉगिन उघडून पाहणं हाच उपाय.

शेवटच्या रात्री पैसे भरायला बसलं की खात्यातून रक्कम जाते आणि पोर्टलवर ‘Pending’ दिसत राहतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक टिपून घ्यावा, स्क्रीनशॉट काढावा, काही तासांनी स्थिती पाहावी आणि सकाळी कॉलेजच्या परीक्षा विभागात जावं. तसंही काही ठिकाणी कॉलेजने आपल्या लॉगिनमधून मंजुरी दिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. म्हणजे तुमची मुदत रात्री बारापर्यंत असली, तरी क्लार्कची संध्याकाळी पाचलाच संपते.

शुल्क प्रत्येक विषयाचं वेगळं असतं. राज्य मंडळाने अलीकडच्या परीक्षांना गुणपडताळणीसाठी विषयाला 50, छायाप्रतीसाठी 400 आणि पुनर्मूल्यांकनासाठी 300 रुपये घेतले. विद्यापीठांचे आकडे परिपत्रकात पाहावेत, राखीव प्रवर्गाला सवलत आहे का तेही. तीन विषयांत शंका असेल तर तिन्हींची छायाप्रत आणि त्यातल्या एकाचंच पुनर्मूल्यांकन, असा हिशेब बहुतेकांना परवडतो.

इथे कुणीतरी हमखास सांगतं, माहितीच्या अधिकारात टाक, स्वस्तात मिळेल. ते खरं आहे. 1984 साली आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाकारला होता. 2011 मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून परीक्षार्थीला ती मिळालीच पाहिजे, असं ठरवलं. 2019 मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात, संस्थेचं जास्त शुल्क भरायचं की माहिती अधिकारातून प्रत मागायची, हे परीक्षार्थीने ठरवावं असंही सांगितलं. केंद्राच्या नियमांनी अर्जाचे 10 रुपये आणि पानाला 2 रुपये, म्हणजे 36 पानांची उत्तरपत्रिका 82 रुपयांत. पण उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते. तोवर पुनर्मूल्यांकनाची खिडकी बंद झालेली असते आणि माहिती अधिकारात प्रत मिळते, फेरतपासणी मिळत नाही. पोर्टलची तारीख हुकली असेल, किंवा फक्त काय चुकलं ते पाहायचं असेल, तेव्हा हा मार्ग कामाचा. तोही लवकर, कारण उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात.

आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईल या भरवशावर केटीचा परीक्षा अर्ज भरायचा ठेवू नये. तो निकाल अनेकदा पुढच्या परीक्षेच्या तोंडावर, कधी परीक्षेनंतरही येतो. पास झालात तर परीक्षा शुल्क फुकट जाईल, बहुधा परतही मिळणार नाही. अर्ज भरलेला नसेल आणि निकालात बदल झाला नाही, तर मात्र सहा महिने जातात.