घड्याळ एक, पहाटा अनेक

जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. आसामातील दिब्रुगडला मात्र सव्वाचारच्या सुमारासच. घड्याळ दोन्हीकडे एकच. सूर्य एक रेखांश ओलांडण्यास चार मिनिटे घेतो. या दोन शहरांत सुमारे २२ रेखांशांचे, म्हणजे जवळजवळ दीड तासाचे अंतर आहे. उरलेला फरक दिब्रुगड अधिक उत्तरेस असल्यामुळे पडतो.

मग दोन प्रमाणवेळा का नसाव्यात? मुख्य अडचण रेल्वेची. वेळेच्या सीमेवर प्रत्येक गाडीचे घड्याळ पुढेमागे करावे लागेल, आणि तेथील एखादी चूक अपघातास कारण ठरू शकेल. एका घड्याळाची ही सोय साऱ्या देशास मिळते. तिचा खर्च मात्र पूर्वेस सोसावा लागतो. डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारपूर्वीच सूर्यास्त होतो. पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो आणि कचेरीत दिवे लावावे लागतात.

आसामच्या चहामळ्यांनी यावर तोड काढली. तेथील ‘बागान वेळ’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. राष्ट्राचे घड्याळ न हलवता शाळा-कचेऱ्यांनाही आपले वेळापत्रक असेच तासभर अलीकडे आणता येईल. त्यात मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांशी जुळणारा कामाचा एक तास गमवावा लागेल. पण दिवसाचा उजेड हाती लागेल. हा सौदा तोट्याचा खचितच नाही.