पाच रुपये भरा, पार्सल सोडतो

सात मिनिटांच्या भाषणात फसवणुकीचे सगळे प्रकार कोंबायला गेलं, तर ऐकणाऱ्यांच्या लक्षात एकही राहत नाही. कॉलेजच्या वाणिज्य मंडळापुढे बोलायला उभ्या राहिलेल्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीनं हे ओळखलं असावं. तिनं एकच फोन निवडला, कुरिअरच्या खोट्या कस्टमर केअरचा. शेजारी उभा असलेला वर्गमित्र पलीकडचा ‘साहेब’ झाला. ‘मॅडम, पत्ता अपूर्ण आहे, पार्सल हबला अडकलंय,’ असं तो म्हणाला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला.

तिनं हसू ओसरू दिलं आणि विचारलं, ‘हा फोन कुणी लावला?’

उत्तर कुणाला पटकन सुचलं नाही. फोन साहेबानं लावलेला नव्हता. पार्सल उशिरा येतंय म्हणून चिडलेल्या गिऱ्हाइकानंच इंटरनेटवर नंबर शोधून लावला होता. या सापळ्याची खरी ताकद इथंच आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर माणूस सावध असतो, पण स्वतः लावलेल्या नंबरावर कोण कशाला शंका घेईल? २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या काही शाखांचे गूगल मॅप्सवरचे नंबर भामट्यांनी बदलले होते. तिथं कुणालाही दुरुस्ती सुचवण्याची सोय होती, तिचाच फायदा घेतला गेला. अशा तक्रारी थेट महाराष्ट्र सायबर पोलिसांपर्यंत गेल्या. म्हणून कुरिअरचा नंबर जिथून वस्तू मागवली त्या अ‍ॅपमधून घ्यायचा आणि बँकेचा डेबिट कार्डाच्या मागून. बँकांची संकेतस्थळं आता .bank.in या शेवटावर आली आहेत, तीही एक खूण.

मग साहेब पुढं सरकला. ‘फक्त पाच रुपये भरा, लिंक पाठवलीय.’ लिंकवरच्या फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष एवढंच विचारलेलं. पूर्ण नंबर नाही, मागचा सीव्हीव्ही नाही, त्यामुळे कुणालाही बिनधोक वाटावं असंच ते होतं. त्यानंतर एक लांबलचक, अर्थहीन अक्षरांचा एसएमएस आला. ‘हा या नंबरवर फॉरवर्ड करा, म्हणजे पत्ता पक्का होईल.’

इथं तिनं मित्राला थांबवलं आणि फळ्यावर दोन फोन काढले. भाषणाचा सगळ्यात मोलाचा भाग हा होता, आणि त्याला तिनं वेळही सर्वांत जास्त दिला.

यूपीआयचं नवं अ‍ॅप सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो. तो ज्या मोबाइल नंबरवरून आला, त्या नंबराशी तो फोन जोडला जातो. भामटा आपल्या फोनवर अ‍ॅप उघडतो, त्यातून निघणारा मजकूर गिऱ्हाइकाला पाठवतो आणि तिच्याकडून तो पुढं पाठवून घेतो. व्यवस्थेला दिसतो तिचा नंबर, जोडला जातो त्याचा फोन. त्या नंबराला जोडलेली खाती त्याच्या पडद्यावर येतात. उरतो तो यूपीआय पिन. तो नव्यानं ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. पहिल्या दोन गोष्टी पाच रुपयांच्या फॉर्मनं आधीच पुरवल्या होत्या.

‘पण ओटीपी मी देणारच नाही ना!’ समोरून एकजण म्हणाला.

हरकत बिनतोड होती, निदान तोपर्यंत. त्यावर तिनं साहेबाचं पुढचं वाक्य म्हणवून घेतलं: ‘ट्रॅकिंगसाठी एक छोटी फाइल पाठवतो, इन्स्टॉल करा.’ शेवटी .apk असलेली ती फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते. परवानगी मिळाली की ओटीपी कुणाला सांगावाच लागत नाही. तो परस्पर पलीकडे पोचतो. आजवरची बहुतेक जनजागृती ‘ओटीपी सांगू नका’ या एका वाक्यावर उभी आहे, आणि हा प्रकार नेमका त्या वाक्याला वळसा घालतो.

‘रिफंड हवा तर पिन टाका’ या जुन्या युक्तीला तिनं दोनच वाक्यं दिली: पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक पाहायला लागतो. पैसे यायला लागत नाही.

शेवटचं मिनिट पैसे गेल्यानंतरचं. फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकायचा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावायचा. खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवायचा. बँकेलाही कळवून यूपीआय बंद करून घ्यायचं, cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती वाटेत असेल तर गोठवता येते, एटीएममधून निघाली की फार काही उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकानं स्वतः गुप्त तपशील दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवायला तिनं सांगितलं ते याचसाठी.