जुन्या देणगीदारांना पत्र

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं नऊ किलोमीटरवरचं हायस्कूल. मुलींना बारावीपर्यंत फी माफ, एसटीचा पासही मोफत. मग शिष्यवृत्ती निधी कशाला, असं देणगीदार विचारतात आणि ते बरोबरच आहे. आमच्या पत्राची सुरुवात या उत्तरानंच होते. शाळा पाचला सुटते, परतीची एसटी सातला. हिवाळ्यात तोवर अंधार पडतो, म्हणून मुली वडापनं येतात. वडापचे रोज वीस रुपये, शाळेचे 220 दिवस, म्हणजे 4,400. गणवेश, वह्या आणि किरकोळ खर्चाला 1,600. एका मुलीचे वर्षाचे 6,000 रुपये झाले. घरात पैशाची ओढ लागली की आधी हाच खर्च थांबतो, आणि त्याबरोबर शाळाही.

जुन्या देणगीदाराला मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व पटवायची गरज नसते, त्यानं आधीच पैसे दिलेले असतात. त्याला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच, की माझ्या पैशांचं काय झालं? एका वर्षी आम्ही हे न कळवता थेट मार्चमध्ये मागणीचं पत्र धाडलं. निम्म्या लोकांनी उत्तरच दिलं नाही. आता पत्र असं जातं:

‘सप्रेम नमस्कार. गेल्या जूनमध्ये आपण 3,000 रुपये दिलेत. आठवीतल्या एका मुलीचा निम्म्या वर्षाचा खर्च त्यातून भागला. आपल्यासारख्यांच्या मदतीनं दहा मुली हायस्कुलात गेल्या. नऊ जणी नववीत गेल्या. एकीनं दिवाळीनंतर शाळा सोडली. आई आजारी पडली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं. तिनं पुन्हा यावं म्हणून आम्ही घरी जात आहोत. यंदा नऊ जुन्या आणि तीन नव्या, अशा बारा मुलींसाठी 72,000 रुपये हवेत. गेल्या वर्षीइतकीच मदत आपण 31 मेपर्यंत पाठवू शकाल का?’

शाळा सोडलेल्या मुलीची ओळ पहिल्या मसुद्यात नव्हती. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “दहाचे पैसे घेतलेत, तर दहांचाच हिशेब द्या.” ओळ घातली. त्या वर्षी दोघांनी फोन करून नेमकी तिचीच चौकशी केली.

मुलींची नावं आणि फोटो आम्ही पत्रात घालत नाही. गाव लहान आहे, कुणाचं पोर दुसऱ्याच्या पैशावर शिकतंय हे चारचौघांत व्हायला नको. रक्कम चेकनं किंवा बँकेतून पाठवावी असंही लिहितो, कारण दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही.

पत्र एका पानाचंच असतं. देणगीदाराचं नाव आणि मागची रक्कम वहीत बघून पेनानं भरतो. दोनशे पत्रांना तीन संध्याकाळी जातात. एप्रिलअखेर ती टपालात पडली, तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पैसे हातात येतात.